कारखान्याचा अंतर्गत आपत्कालीन आराखडा (आवृत्ती 2)

हा आराखडा दिवसपाळीच्या 34 आणि रात्रपाळीच्या 9 जणांसाठी आहे, त्यात कंत्राटी कामगारही आले. लिहिताना रात्रपाळीच डोळ्यांसमोर ठेवली आहे. 9 जणांना न जमणारी कामे आराखड्यात घालून कुणाचाच जीव वाचणार नाही.

धोका कुठे आहे

क्लोरीनचे 900 किलोचे 3 टोनर, टोल्युइनचे 40 ड्रम आणि 98 टक्के सल्फ्युरिक आम्लाची टाकी. टोल्युइन साध्या खोलीच्या तापमानालाही पेट घेणारी वाफ सोडते. आम्लाची गळती बंधाऱ्यात अडवायची, साचलेल्या आम्लावर पाणी मारायचे नाही. पण खरी भीती क्लोरीनचीच. तो हवेच्या सुमारे अडीचपट जड असल्याने जमिनीलगत पसरतो, गटारांत आणि पंपाच्या खड्ड्यांत साचतो.

एक किलो क्लोरीन मारायला सुमारे 1.13 किलो कॉस्टिक लागते. पूर्ण टोनरला ते 1,015 किलोच्या आसपास होते. आमच्या स्क्रबरच्या टाकीत 20 टक्क्यांची 3,000 लिटर लाय आहे, म्हणजे जेमतेम 730 किलो कॉस्टिक. पूर्ण टोनर गळला तर आमची लाय पुरणार नाही. शेजाऱ्यांशी केलेल्या कराराचे मूळ या हिशेबात आहे.

सूत्रे कोणाकडे

पाळीचा शिफ्ट इनचार्ज हाच घटनास्थळाचा प्रमुख. भोंगा वाजवायला, प्लांट बंद करायला, अग्निशमन दल बोलवायला आणि शेजाऱ्यांकडे मदत मागायला त्याने मॅनेजरची किंवा मालकांची परवानगी घ्यायची नाही. भोंगा विनाकारण वाजला तरी कुणालाही बोल लागणार नाही. मॅनेजर पोहोचल्यावर बाहेरच्या यंत्रणा, दवाखाना आणि घरच्यांना कळवणे त्याच्याकडे जाते. गळतीजवळची सूत्रे इनचार्जकडेच राहतात.

क्लोरीन गळला तर

थांबून थांबून भोंगा म्हणजे धोका, सलग 2 मिनिटे म्हणजे धोका टळला. कॉम्प्रेसरजवळ भोंगा ऐकू येत नाही हे मागच्या सरावात कळले, म्हणून तिथे लाल फिरता दिवा बसवला आहे.

विंडसॉक पाहून आधी वाऱ्याला आडवे बाहेर पडायचे, मग वाऱ्याच्या वरच्या बाजूला जायचे. जमण्याच्या जागा दोन आहेत, पुढचे गेट आणि मागचे गेट. वारा पाहून इनचार्ज एक जाहीर करतो. गेटवरचा रखवालदार नोंदवही घेऊन तिथेच येतो आणि नावे पुकारतो. कुणी कमी असेल तर शोधायला एकट्याने जायचे नाही.

गळतीजवळ फक्त बीए सेट घातलेली प्रशिक्षित जोडी जाईल, तिसरा सेट घालून तयार उभा राहील. कॅनिस्टर मास्क फक्त पळून बाहेर पडण्यासाठी आहे. टोनर असा फिरवायचा की गळतीची जागा वर येईल. मग द्रवाऐवजी वायू बाहेर पडतो आणि गळतीचा जोर खूप घटतो. त्यानंतर टोनर किट बसवायचे. गळणाऱ्या टोनरवर पाणी मारायचे नाही, ओल्या क्लोरीनने धातू खाऊन भोक मोठे होते. टोल्युइनची आग लागून न गळणारे टोनर तापू लागले, तर मात्र ते दुरून पाण्याने थंड ठेवायचे, कारण त्यांचे फ्युजिबल प्लग 70 अंशांच्या आसपास वितळतात.

ज्याच्या छातीत वायू गेला त्याला चालवायचे नाही. ऑक्सिजन द्यायचा आणि बरे वाटत असले तरी दवाखान्यात पाठवायचे. फुप्फुसांत पाणी काही तासांनी होऊ शकते. आम्ल उडाले तर निदान 20 मिनिटे पाण्याखाली.

शेजाऱ्यांशी करार

दक्षिणेकडील साबण कारखाना 20 टक्क्यांची 2,000 लिटर लाय दोन टाक्यांत भरून कायम राखून ठेवील आणि निरोप मिळताच टेम्पोने पाठवील. पूर्वेकडील रंग कारखाना फोमची ट्रॉली आणि ती चालवणारे दोघे देईल. बदल्यात दोघांना आमचे 2 बीए सेट, टोनर किट आणि ते वापरणारी जोडी मिळेल.

मदतीला आलेले गेटवर आमच्या इनचार्जच्या हुकमात येतात. त्यांना वायूच्या पट्ट्यात पाठवायचे नाही. स्वतःकडेच संकट असेल तर नकार देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पण तो त्याच फोनवर स्पष्ट सांगायचा. वापरलेला माल यजमान 15 दिवसांत भरून देईल. जखमी मदतनिसाच्या उपचारांचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्चही यजमानाचाच.

वारा शेजाऱ्यांकडे वाहत असेल तर मदत मागण्याआधी त्यांना सावध करायचे. निरोप ठरलेला आहे: "क्लोरीन तुमच्याकडे येतोय, पंखे बंद करा, माणसे हलवा." मग त्यांच्या मदतीची वाट पाहायची नाही.

मागच्या सरावात साबण कारखान्याची लाय वेळेत पोहोचली, पण त्यांच्या होजची कपलिंग आमच्या पंपाला बसली नाही. आता तिन्ही ठिकाणी एकाच मापाची कॅमलॉक कपलिंग आहे आणि दर तीन महिन्यांनी ती प्रत्यक्ष जोडून पाहायची. पुढचा सराव रात्रपाळीत, आधी न कळवता होईल.

— कारखाना व्यवस्थापक