टोकनचे ५१,००० रुपये परत मिळण्याबाबत

सांगली, १८ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. भागीदार,
साइट ऑफिस, शामरावनगर, सांगली

विषय : फ्लॅट ३०४ चे रद्द बुकिंग, पावती क्र. ११८

स.न.वि.वि.

दसऱ्याला, २ ऑक्टोबर रोजी, मी वरील फ्लॅट ३८ लाखांना ठरवून ५१,००० रुपये टोकन दिले. पैकी ४०,००० बँकेतून आणि ११,००० रोख. पावती पूर्ण रकमेची आहे. करारनामा झालेला नाही, वाटपपत्रही आपण दिलेले नाही.

रद्द करण्याचे कारण मी तेव्हाच सांगितले होते. बुकिंगनंतर आईला जागा दाखवायला आणले. समोरच्या किराणा दुकानदाराने २०१९ च्या पुराची खूण दाखवली, ती त्याच्या शटरच्या निम्म्यावर आहे. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, घरात पाणी येणार नाही, हे मलाही कळते. पण पार्किंग, मीटर आणि लिफ्ट खालीच. आईचे गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे. पुरात तिला जिन्यावरून उतरवायचे कुणी? म्हणून ११ ऑक्टोबरला, म्हणजे नवव्या दिवशी, आपल्याला व्हॉट्सॲपवर कळवले. "बघतो, दिवाळीनंतर या" असे आपले उत्तर त्यातच आहे.

दिवाळीनंतर तीन हेलपाटे झाले. आता ऑफिसमधून पावतीखालच्या शिक्क्याकडे बोट दाखवतात : "टोकन परत मिळणार नाही". पैसे घेताना हे कुणी बोलले नव्हते, तेव्हा पेढे पुढे केले होते. शिक्का मारल्याने कायदा बदलत नाही. महारेराच्या नमुना वाटपपत्रात, ते दिल्यापासून १५ दिवसांत बुकिंग रद्द केल्यास काहीही कपात नाही आणि रक्कम ४५ दिवसांत परत करायची आहे. मला तर वाटपपत्रच मिळाले नाही, तेव्हा कपातीचा प्रश्न कुठून आला?

आपले नुकसान झाले असते तर मी समजून घेतले असते. पण गेल्या आठवड्यात आपल्याच सेल्सच्या मुलाने "३०४ गेला साहेब, आता ४०४ बघा" असे मला सांगितले. मीच ३०४ वाला, हे त्याला माहीत नसावे.

माझ्या कळवण्यापासून ४५ दिवस २५ नोव्हेंबरला भरतात. त्या दिवसापर्यंत पूर्ण ५१,००० रुपये, ज्या खात्यातून ४०,००० आले त्याच खात्यात जमा करावेत. रोखीचे ११,०००सुद्धा खात्यातच द्यावेत, हातात नकोत. "त्याऐवजी दुसऱ्या साइटला वळते करू" हा प्रस्ताव मला मान्य नाही.

रक्कम न आल्यास रेरा कायद्याच्या कलम ३१ खाली महारेराकडे तक्रार करीन आणि व्याजही मागीन. आपले आणि माझ्या मामांचे जुने संबंध आहेत, म्हणून आधी हे पत्र. पैसे जमा होताच मूळ पावती आणून देतो.

आपला,
संजय
(फ्लॅट ३०४ चा बुकिंगदार)

सोबत : पावतीची झेरॉक्स, बँक खात्याचा उतारा, ११ ऑक्टोबरच्या व्हॉट्सॲप संदेशांची प्रिंट