वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मिळणेबाबत अर्ज

दि. 11 ऑगस्ट 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग,
मिरजोळे एमआयडीसी, रत्नागिरी

विषय : पत्नीच्या आजारपणाचा खर्च रु. 22,686 मिळणेबाबत.

महोदय,

माझी पत्नी सौ. स्नेहल हिला जुलैत लेप्टो झाला होता. त्या उपचाराचा खर्च मी स्वतः केला असून तो मिळावा, ही विनंती. माझा पगार 21,000 रुपयांच्या वर असल्याने मी ईएसआयमध्ये बसत नाही. वेगळा विमाही नाही, त्यामुळे ही बिले दुसरीकडे कुठेही लावलेली नाहीत.

पावसला आमची लावणी चालू होती. दिवसभर चिखलात उभे राहायचे, त्यात तिच्या टाचांना भेगा. 12 जुलैला हुडहुडी भरून ताप आला आणि पोटऱ्या एवढ्या धरल्या की तिला खळ्यात उतरवेना. गावातल्या डॉक्टरांनी लगेच रक्त तपासायला लावले. प्लेटलेट उतरलेल्या, क्रिएटिनिन वाढलेले. किडनीवर जाईल म्हणून त्यांनी ताबडतोब रत्नागिरीला न्यायला सांगितले. 14 ते 18 जुलै ती खासगी रुग्णालयात दाखल होती. अशा घाईत आधी परवानगी घेणे शक्य झाले नाही.

खर्च असा : गावातल्या डॉक्टरांची फी 300, रक्त तपासणी 1,850, रुग्णालयाचे बिल 14,400, औषधे 5,236, डिस्चार्जनंतरची फेरतपासणी व फी 900.

औषधांचे मूळ बिल 5,876 चे आहे. त्यातली 640 ची प्रोटीन पावडर प्रिस्क्रिप्शनवर नाही, म्हणून ती मी मागितलेली नाही.

दोन बिलांवर हिशेब विभाग हरकत घेईल, म्हणून आधीच लिहितो. लॅबच्या बिलावर पेशंट म्हणून माझे नाव पडले आहे, कारण काउंटरवर मी उभा होतो. रिपोर्ट मात्र स्नेहलच्या नावाचा आहे आणि दोन्हींवर नमुना क्रमांक एकच आहे. लॅबने बिलावर दुरुस्ती करून सही-शिक्का दिला आहे. दुसरे, 14 तारखेच्या रात्री आणलेल्या सेफ्ट्रिॲक्सोन इंजेक्शनची चिठ्ठी रुग्णालयाच्या फाइलला लागली. ती परत मिळाली नाही. त्याऐवजी डॉक्टरांनी औषधाचे नाव, डोस व तारखा लिहिलेला दाखला दिला आहे. तोच डोस डिस्चार्ज कार्डावरही आहे. मेडिकलचे ते बिल थर्मल कागदावरचे असून शाई उडू लागली आहे. म्हणून मूळ बिलाला झेरॉक्स टाचली आहे.

रुग्णालयाचे पैसे भरायला मेव्हण्याकडून 15,000 उसने घेतले आहेत. तो चतुर्थीला मुंबईहून येईल. 27 ऑगस्टपूर्वी रक्कम पगाराच्या खात्यात जमा झाली तर त्याचे पैसे हातावर ठेवता येतील. एखाद्या बिलावर शंका असली तर तेवढेच बाजूला ठेवून बाकीची रक्कम मंजूर करावी, ही कळकळीची विनंती. मी पहिल्या पाळीत असतो. शीतगृहात निरोप दिल्यास लगेच येऊन खुलासा करीन.

आपला विश्वासू,
सुहास मयेकर
ऑपरेटर, शीतगृह विभाग

सोबत : मूळ बिले व पावत्या, प्रिस्क्रिप्शन, रक्ताचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांचा दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स.