संदर्भाची नोंद वाचतानाच पूर्ण करा

सन्माननीय मार्गदर्शक आणि संशोधक मित्रहो,

डिसेंबरअखेर आपल्या केंद्रातून तीन लेख आणि एक प्रबंध सादर व्हायचा आहे. सादरीकरणाच्या आदल्या रात्री संदर्भसूची दुरुस्त करण्यात जो वेळ जातो, त्यातील बहुतांश काम मुळात त्या रात्रीचे नसतेच. लेख पहिल्यांदा वाचला त्या दिवशी जी नोंद अर्धवट राहिली, तिचीच ती थकबाकी असते. म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की, संदर्भाची नोंद हा लेखनाचा नव्हे, तर वाचनाचा भाग मानावा.

शहरातल्या विद्यापीठात राहिलेला पृष्ठक्रमांक ग्रंथालयात जाऊन तासाभरात शोधता येतो. आपल्याला मात्र जिल्हा गॅझेटिअरची जुनी आवृत्ती किंवा एखादा अप्रकाशित प्रबंध पाहण्यासाठी एसटीने अमरावती किंवा नागपूर गाठावे लागते, आणि एका पृष्ठक्रमांकासाठी तो प्रवास पुन्हा करणे कोणालाच परवडत नाही. त्यामुळे पुस्तक हातात असतानाच मुखपृष्ठाचे, प्रकाशनाचा तपशील असलेल्या पानाचे आणि उद्धृत करावयाच्या पानाचे छायाचित्र काढून ते झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या संगणकप्रणालीतील त्याच नोंदीला जोडावे. झोटेरो विनामूल्य आहे आणि स्वतःच्या संगणकावर इंटरनेटशिवायही चालते, ही आपल्याकडील नेटवर्कची अवस्था पाहता मोठीच सोय आहे.

नियतकालिकातील लेखाची नोंद शक्यतो डीओआय क्रमांकावरून आणावी. हा क्रमांक नेहमी 10. या अंकांनी सुरू होतो. परंतु नोंद आपोआप आली म्हणजे ती बरोबर आली, असे समजू नये. खंड, अंक, पृष्ठे आणि लेखकांची नावे मूळ पीडीएफशी लगेच ताडून पाहावीत. याला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. शीर्षकातील केवळ पहिला शब्द आणि विशेषनामे मोठ्या अक्षराने ठेवावीत, कारण गरजेप्रमाणे सर्व शब्द मोठ्या अक्षराने करणे संगणकाला जमते, उलट दिशेचा बदल मात्र भरवशाचा नसतो आणि त्यात Bt चे bt होऊन बसते. बोंडअळीवर काम करणाऱ्यांनी शास्त्रीय नाव तिरप्या अक्षरात यावे यासाठी शीर्षकाच्या रकान्यातच `<i>Pectinophora gossypiella</i>` असे लिहावे.

सर्वांत जास्त घोळ नावांचा होतो. आपल्याकडचा एकच लेखक एका लेखात पूर्ण नावाने, दुसऱ्यात केवळ आद्याक्षरांनी आणि तिसऱ्यात आडनाव आधी लिहून छापलेला आढळतो. झोटेरोच्या लेखी ही वेगवेगळी माणसे ठरतात, आणि एपीए शैलीत आडनाव सारखे दिसल्यामुळे मजकुरातील संदर्भात अकारण आद्याक्षरे उगवतात. असा लेखक दिसताच गटाने एक रूप ठरवावे आणि सर्वांनी तेच वापरावे. शासकीय अहवालांच्या बाबतीत संस्थेचे नाव एकाच रकान्यात भरावे. नाव आणि आडनाव असे दोन रकाने राहिले, तर Government of Maharashtra चे Maharashtra, G. of होते, आणि परीक्षकाच्या नजरेतून ते सुटत नाही. शासकीय संकेतस्थळांचे दुवे पुढे चालतीलच याची खात्री नसल्याने अहवालाची पीडीएफ प्रत आणि पाहिल्याचा दिनांक दोन्ही जपून ठेवावे.

मराठी ग्रंथांची नोंद देवनागरीत करायची की रोमन लिपीत, हे आपण जिथे पाठवणार आहोत त्या नियतकालिकावर अवलंबून आहे. पण निर्णय पहिल्या मसुद्यापूर्वी व्हावा. वऱ्हाडी बोलीवरील प्रबंधात दोन्ही लिप्या येणार असल्याने त्या सूचीचा वर्णक्रम कसा लावायचा, हेही मार्गदर्शकांना आताच विचारून घ्यावे.

मसुदा लिहिताना संदर्भ हाताने टंकू नये. सहलेखकांमध्ये फाईल फिरत असताना तिच्यातील संदर्भांच्या झोटेरोशी असलेल्या जोडण्या तुटू देऊ नयेत. जोडण्या काढलेली प्रत अगदी शेवटी, वेगळ्या नावाने तयार करावी. एकच लेख दोनदा नोंदला गेला असेल, तर एक नोंद पुसून टाकण्याऐवजी Merge Items वापरावे, म्हणजे मसुद्यातील आधीचे संदर्भ अबाधित राहतात. आणि दुसऱ्याच्या लेखात उद्धृत झालेला, स्वतः न पाहिलेला ग्रंथ आपण वाचल्यासारखा सूचीत घालू नये; असे संदर्भ तपासताना सर्वाधिक वेळ खातात, शिवाय ते प्रामाणिकही नव्हेत.

येत्या शनिवारी आपण सामायिक संग्रह उघडून प्रत्येकाच्या पहिल्या वीस नोंदी एकमेकांकडून तपासून घेऊ. सकाळच्या सत्रातच बसू, कारण दुपारी भारनियमन असते. पीडीएफ प्रती पेन ड्राईव्हवर सोबत आणाव्यात.