रजेच्या काळातील प्रभार आणि अधिकारांच्या मर्यादा

दिनांक : 4 जून 2026
ठिकाण : दवा बाजार, इंदूर
प्रति : कार्यालय व देवास नाका गोदामातील सर्व सहकारी
प्रत : दोन्ही भागीदार

मुलीच्या बाळंतपणासाठी मी पुण्याला जात आहे. सोमवार 8 जून सकाळी 10 पासून सोमवार 22 जून सकाळी 10 पर्यंत माझ्या जागी सौ. वर्षा देवळे प्रभारी व्यवस्थापक असतील. या काळात त्यांचा शब्द तो माझाच शब्द समजावा. देवळेताई एखाद्या दिवशी येऊ शकल्या नाहीत तर तेवढ्या दिवसापुरता प्रभार श्री. खांडेकर यांच्याकडे जाईल. तिसऱ्या कोणाकडे तो सोपवायचा असेल तर ते भागीदार ठरवतील, ताईंनी परस्पर सोपवू नये.

रोजची बिलं, माल पाठवणं, वसुली, ट्रान्सपोर्टवाल्यांशी बोलणी, तीन दिवसांपर्यंतच्या रजा हे सगळं ताई बघतील. ठरलेल्या कंपन्यांची देणी एका वेळी 50,000 रुपयांपर्यंत त्या मंजूर करू शकतात. त्यापुढच्या रकमेला एका भागीदाराची लेखी संमती लागेल, व्हॉट्सअॅपवर आली तरी चालेल. मात्र मोठं बिल फोडून दोन-तीन लहान बिलं करू नयेत. रोख खर्च एका माणसाला एका दिवशी 10,000 रुपयांच्या आतच, आयकराचा नियमच तसा आहे. चेकवर सही भागीदारांचीच राहील.

उधारीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण दबाव तिथेच येणार. मी इथे नसताना जुन्या ओळखीचे दुकानदार "साहेबांनी हो म्हटलं होतं" असं सांगतील. मी कोणालाही तोंडी हो म्हटलेलं नाही. ज्याची मर्यादा भरली आहे त्याला ताई 10 टक्क्यांपर्यंत वाढीव माल देऊ शकतात, तोही मागची थकबाकी 30 दिवसांच्या आत असेल तरच. नवीन पार्टीचं खातं उघडणं, 2 टक्क्यांवर सूट देणं, भाव बदलणं, कोणाला कामावर घेणं किंवा काढणं, कोणताही करार करणं हे अधिकार ताईंकडे नाहीत. वेळ पडली तर "साहेब आल्यावर बघू" असं सरळ सांगावं. त्यात कमीपणा नाही.

परवान्यावर सक्षम व्यक्ती म्हणून नाव खांडेकरांचं आहे. ते या पत्राने बदलत नाही, बदलता येतही नाही. माल खराब वाटतो, बॅच शंकास्पद आहे असं त्यांनी म्हटलं तर तो माल थांबेल, बिल कितीही मोठं असो. औषध निरीक्षक आले तर दोघांनीही हजर राहावं, नोंदी दाखवाव्यात. नमुने घेतले तर फॉर्म 17 आणि माल जप्त केला तर फॉर्म 16 मागून घ्यावा. कोणत्याही जबाबावर सही करण्याआधी भागीदारांना फोन करावा.

आता फ्रिज. मागच्या उन्हाळ्यात एका रात्री लाइट गेली आणि जनरेटर सुरू झाला नाही. चौकीदार मला फोन करत राहिला. माझा फोन बंद होता. सकाळी तापमापकावर 19 अंश दिसत होते आणि इन्सुलिनची खोकी हाताला कोमट लागत होती. सगळा माल बाद करावा लागला. चौकीदाराची यात काहीच चूक नव्हती. मिस्त्रीला बोलवायचं की माल हलवायचा हे ठरवण्याचा अधिकार मी कोणालाच दिलेला नव्हता. ते मला आजही खटकतं.

म्हणून शीतसाखळीच्या मालाला वरची कोणतीही रकमेची मर्यादा लागू नाही. तापमान 2 ते 8 अंशांच्या बाहेर गेलं की ताई, खांडेकर किंवा रात्रपाळीचा माणूस, जो हजर असेल त्याने मिस्त्री, भाड्याचा जनरेटर, बर्फ, गाडी जे लागेल ते मागवावं. विचारायला थांबू नये, हिशेब नंतर द्यावा. बर्फाचे पॅक पेटीत ठेवण्याआधी त्यांना पाणी सुटू द्यावं. कडक गोठलेला पॅक खोक्याला लागला तर इन्सुलिन गोठतं आणि तेही वायाच जातं. माल वापरण्याजोगा राहिला की नाही हे खांडेकर कंपनीला विचारून ठरवतील. तोवर तो बाजूला, कुलपात.

जीएसटीआर-1 ची तारीख 11, जीएसटीआर-3बी ची 20. दोन्ही याच काळात येतात. आकडे सीए पाहतील, भरणा भागीदारांच्या संमतीने होईल. संगणकावर ज्याने त्याने आपल्याच लॉगिनने काम करावं. माझा पासवर्ड मी कोणाला दिलेला नाही, कोणी मागूही नये.

मी रोज रात्री 8 ते 9 फोनवर असेन. एरवी फ्रिज, अपघात किंवा निरीक्षक यांसाठीच फोन करावा. शनिवारी संध्याकाळी 5 वाजता गल्ल्याची रक्कम मोजून, किल्ल्या आणि थकबाकीची यादी मी ताईंच्या हवाली करीन. दोघांच्या सह्या रोजवहीत होतील.

नि. वा. सुभेदार
व्यवस्थापक

प्रभार मान्य : सौ. वर्षा देवळे
मर्यादा वाचल्या : श्री. खांडेकर