देवगड हापूसचा पुरवठा करार आणि तौक्ते वादळ: प्रकरण विश्लेषण

वस्तुस्थिती (सरावासाठी रचलेली)
जानेवारी 2021 मध्ये देवगडच्या एका बागायतदाराने वाशीच्या व्यापाऱ्याशी लेखी करार केला: 'माझ्या बागेतील' हापूसच्या 400 पेट्या, पेटीला 2,500 रुपये, 25 मेपर्यंत. अॅडव्हान्स 2,00,000 रुपये, तो शेवटच्या 80 पेट्यांत वळता करायचा. माल कमी पडल्यास 1,50,000 रुपये दंड. नैसर्गिक आपत्तीबद्दल करारात अवाक्षर नाही.
250 पेट्या पोचल्या, त्यांचे पैसेही मिळाले. एप्रिलअखेर भाव चढताच बागायतदाराने 60 पेट्या पुण्याच्या गिऱ्हाइकाला विकल्या. 16 मेच्या वादळात उरलेला आंबा गळाला. तलाठ्याच्या पंचनाम्यात नुकसान सुमारे 90 पेट्यांचे. 25 मे रोजी बाजारभाव 3,400 रुपये होता. व्यापारी अॅडव्हान्स आणि पूर्ण दंड मागतो.

मुद्दा
न दिलेल्या 150 पेट्यांची जबाबदारी वादळामुळे टळते का? टळत नसेल तर भरपाई किती?

नियम
भारतीय करार कायदा, 1872. कलम 56: करारानंतर अशक्य झालेले कृत्य करण्याचा करार शून्य होतो. सत्यव्रत घोष वि. मुगनीराम बांगूर (1954): 'अशक्य' म्हणजे केवळ अक्षरशः अशक्य नव्हे, कराराचा पायाच ढासळणेही त्यात येते. हॉवेल वि. कूपलँड (1876) या इंग्रजी निवाड्यात ठरलेल्या शेतातले बटाटे रोगाने गेले आणि विक्रेता सुटला. मात्र अडचण स्वतः ओढवून घेतलेली असेल तर हा बचाव चालत नाही: मेरिटाइम नॅशनल फिश (1935). कलम 65 परताव्याचे, 73 भरपाईचे, 74 ठरीव दंडाचे.

उपयोजन
सगळे 'माझ्या बागेतील' या दोन शब्दांवर उभे आहे. नुसते 'देवगड हापूस' लिहिले असते तर दुसऱ्याच्या बागेतून, महाग का होईना, माल घेऊन द्यावा लागला असता. भाव वाढला म्हणून करार अशक्य होत नाही. इथे मालाचा उगमच ठरलेला होता. किंमत पेटीगणिक असल्याने करार विभागताही येतो. म्हणून 90 पेट्यांपुरता कलम 56 चा बचाव टिकावा. आदल्या वर्षीच 'निसर्ग' येऊन गेले होते, तेव्हा वादळ अनपेक्षित कसे, असे व्यापारी म्हणेल. मला हा युक्तिवाद लंगडा वाटतो: कोकणात वादळ येऊ शकते हे दोघांनाही ठाऊक होते, पण ते कुठल्या बागेवर कधी येईल हे कुणालाच नाही.
60 पेट्यांचे तसे नाही. वादळ आले नसते तरी त्या कमीच पडल्या असत्या. बागायतदार म्हणेल, मुदत 25 मेपर्यंत होती, एप्रिलमध्ये दुसऱ्याला विकणे हा भंग नव्हे. वाद चांगला, पण त्याच्याच अंगाशी येतो. भंग 25 मेचा धरला की कलम 73 नुसार त्या दिवसाचा भाव लागतो: फरक 900 गुणिले 60, म्हणजे 54,000 रुपये.
दंडाची रक्कम ही कमाल मर्यादा. कैलाशनाथ असोसिएट्स वि. डीडीए (2015) नुसार नुकसान सिद्ध करता येत असेल तर ते करावे लागते. इथे ते मोजता येते.

निष्कर्ष
90 पेट्यांबाबत बागायतदार मुक्त. 60 बाबत करारभंग. शेवटच्या 80 पेट्यांतली एकही पोचली नाही, त्यामुळे अॅडव्हान्स पूर्ण परत करावा लागेल. व्यापाऱ्याला एकूण 2,54,000 रुपये मिळावेत; 1,50,000 च्या दंडाची मागणी 54,000 वरच थांबते.