हात मागे ओढा, पाय आपोआप उचलतील

नमस्कार मंडळी. अजिंक्यताऱ्याचा चढ चढायच्या आधी पाचच मिनिटं घेते.

काल मी मुद्दाम सगळ्यांच्या मागून चालले. वेग वाढवा म्हटलं की बहुतेक जण पाऊल लांब टाकतात. टाच शरीराच्या फार पुढे पडली की तिथे ब्रेक लागतो आणि तो धक्का गुडघ्याला बसतो. गुडघे दुखतात म्हणून चालणं सोडलेली माणसं माझ्याच घरात आहेत, म्हणून हे कळकळीने सांगते.

आता हाताची घडी घाला आणि पंधरा पावलं झपाझप चाला. खांदे कसे डावी-उजवीकडे हेलपाटतात बघा! उजवा पाय पुढे जातो तेव्हा कमरेचं हाडही उजवीकडून थोडं पुढे वळतं. कमरेवर बोटं ठेवलीत तर ते हाताला कळेल. हे वळणं डाव्या हाताने तोलायचं असतं. हात बांधले की तो भार पाठीवर येतो. मोबाईल, पाण्याची बाटली, स्वेटरच्या खिशातले हात, सगळ्यांचा परिणाम थोडाफार हाच.

आता कोपर काटकोनात वाकवा. लांब लंबक सावकाश हलतो, आखूड लंबक भराभर. हाताचंही तसंच. आणि हात भराभर हलले की पावलंही त्याच ठेक्यात पडायला लागतात. मूठ सैल ठेवा, आवळली की खांदे कानाशी येतात. ताक घुसळताना रवीच्या दोरीचं एक टोक मागे ओढलं की दुसरं आपसूक पुढे जातं ना? तसं कोपर मागे ओढा, मूठ कमरेच्या बाजूपर्यंत येऊ द्या. पुढे ढकलायची गरज नाही. मात्र मूठ छातीसमोरून पलीकडे जाऊ देऊ नका, शरीर उगाच पिळलं जातं.

खुब्याचं काम मागच्या पायाला. बसायच्या भागाचे मोठे स्नायू जमीन मागे रेटतात, शेवटी अंगठ्याने ढकलायचं. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचे खुबे पुढून आखडलेले असतात, त्यांचा पाय मागे जातच नाही. त्यांनी घरी गेल्यावर एक पाय मागे ठेवून मांडीचा पुढचा भाग ताणावा, रोज. आणि कंबर मुद्दाम डोलवू नका. शर्यतीत चालणाऱ्यांची डोलते, कारण त्यांना एक पाऊल कायम जमिनीवर टेकलेलं आणि टेकणाऱ्या पायाचा गुडघा सरळ ठेवायचा नियम पाळावा लागतो. आपल्याला तो नाही.

चढावर कमरेतून वाकू नका काका, घोट्यातून किंचित पुढे झुका. बोलता येईल पण गाता येणार नाही, एवढाच वेग. ज्यांचा खुबा किंवा गुडघा बदललाय, त्यांनी डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच करायचं.

चला, बाटल्या इथे कट्ट्यावर ठेवा. पहिल्या वळणापर्यंत हात रिकामे. काकू, तुमचा पदर खोचून घ्या, तुम्ही पुढे व्हा.