प्रकरण 4: भरती, पगार आणि बढती यांत समान संधी

हे प्रकरण शिरोली एमआयडीसीतल्या आपल्या फाउंड्रीत आणि मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. कायम कामगार, ऑफिस स्टाफ, अप्रेंटिस आणि ठेकेदाराकडून येणारी माणसंही यात आली. ठेकेदारांच्या करारालाही हाच मजकूर जोडला आहे.

जात, धर्म, लिंग, लग्न, गरोदरपण, वय, अपंगत्व, आजार, भाषा, गाव किंवा युनियन यांपैकी काहीही बघून आपण कुणाला घेत नाही, नाकारत नाही, पगार कमी ठेवत नाही की बढती अडवत नाही. तृतीयपंथी अर्जदारालाही हेच लागू. वयाची अट दोनच ठिकाणी आहे: 18 वर्षांखालच्या कुणाला कामावर घेत नाही आणि 58 व्या वर्षी निवृत्ती आहे.

भरती

आपल्याकडच्या बऱ्याच जागा आजवर ओळखीतून भरल्या गेल्या. ‘भावकीतला पोरगा आहे, कामाला वाघ आहे’ एवढ्यावर माणूस आत यायचा. त्यातले काही खरंच वाघ निघाले; पण ज्याची भावकी आत नाही त्याला जागा निघाल्याचं कळतच नसे. म्हणून आता प्रत्येक जागेची सूचना मराठी आणि हिंदीत गेटवर आणि कँटीनमध्ये 10 दिवस लागते आणि जवळच्या आयटीआयलाही जाते. ओळखीच्याला जरूर सांगा. मात्र त्याने अर्ज टाइम ऑफिसात द्यायचा, चाचणी सगळ्यांसारखी द्यायची, आणि त्याचा नातेवाईक मुलाखतीला बसणार नाही.

सीएनसी ऑपरेटरच्या चाचणीत एक ड्रॉइंग आणि एक जॉब हातात देतो. व्हर्नियर आणि मायक्रोमीटरने मापं घेऊन लिहायची. गुण दोघं जण वेगवेगळे देतात आणि कागद एक वर्ष जपून ठेवतो.

सूचनेत ‘फक्त पुरुष’ लिहायचं नाही. कामात 20 किलोचा कोअर बॉक्स उचलावा लागत असेल तर तसं लिहा आणि प्रत्येक अर्जदाराला तो उचलून दाखवायला सांगा.

मुलाखतीत लग्न कधी, मुलं किती, घरच्यांना चालेल का, हे विचारायचं नाही. जातही विचारायची नाही. ‘गावात घर कुठल्या गल्लीत?’ असं फिरवून विचारलं तरी तो जातीचाच प्रश्न आहे, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि समोरच्यालाही.

अपंग व्यक्तीला काम जमण्यासाठी लागणारी वाजवी सोय करणं ही कंपनीची जबाबदारी आहे. कमी ऐकू येणाऱ्याला क्रेनचा भोंगा कळत नसेल तर तिथे दिवा बसवू. भोंग्याचं कारण सांगून अर्ज बाजूला ठेवणार नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्याने ठरवलेले संपर्क अधिकारी आपल्याकडे पर्सोनेल मॅनेजर आहेत.

पगार

एकाच कामाला बाईला कमी आणि पुरुषाला जास्त पैसे देणं आपल्या देशात 1976 पासून बेकायदा आहे. तरी आपल्याच पगारपत्रकात एक गोष्ट वर्षानुवर्षं राहिली होती. कोअर शॉपमध्ये कोअर घासणं, चिकटवणं आणि गेज लावून तपासणं हे काम बायका करत होत्या आणि पुरुषही. पुरुषांच्या नावापुढे ‘सेमी-स्किल्ड’ होतं, बायकांच्या नावापुढे ‘हेल्पर’. दर कागदावर चोख होते, हुद्दाच चुकीचा लिहिला होता. तो दुरुस्त केला आणि फरकाची रक्कम दिली.

आता ग्रेड कामावरून ठरते. प्रत्येक ग्रेडचा किमान आणि कमाल पगार टाइम ऑफिसात बघायला मिळतो. नव्या माणसाकडे आधीच्या नोकरीची पगार स्लिप मागत नाही, कारण तिथे कमी मिळत होतं म्हणून इथेही कमी द्यावं हे पटण्यासारखं नाही. दर एप्रिलमध्ये अकाउंट्स आणि पर्सोनेल मिळून ग्रेडप्रमाणे यादी तपासतात. फरक आढळला आणि अनुभवाने किंवा कौशल्याने त्याचा खुलासा होत नसेल, तर पगार वाढवतो, कुणाचा कमी करत नाही.

बाळंतपणाच्या रजेमुळे वार्षिक वाढ किंवा दिवाळीचा बोनस कापला जाणार नाही.

बढती

हेल्परचा ऑपरेटर, ऑपरेटरचा सुपरवायझर होण्यासाठी काय यावं लागतं ते प्रत्येक खात्याच्या बोर्डावर लावलं आहे. निवड त्यावरच होते. साहेबांबरोबर चहाला कोण असतं, यावर नाही.

‘सुपरवायझरला रात्रपाळी असते, बाईला कशी जमणार?’ हे आपण परस्पर ठरवायचं नाही, तिला विचारायचं. ती हो म्हणाली तर लेखी संमती घेऊन घरापासून ने-आण करणारी गाडी आणि सुरक्षेची सोय कंपनी करेल. नाही म्हणाली तर दिवसपाळीच्या जागेसाठी तिचं नाव यादीत तसंच राहील.

बढती नाकारली तर 7 दिवसांत कारण लेखी मिळेल. ‘अजून तयार नाही’ हे कारण धरलं जाणार नाही. काय येत नाही आणि ते कधी, कुणाकडून शिकायला मिळेल, हे लिहावं लागेल.

तक्रार

तोंडी सांगितली तरी चालते, कुठल्याही भाषेत. पर्सोनेल मॅनेजरांना सांगा. तक्रार त्यांच्याबद्दलच असेल तर थेट फॅक्टरी मॅनेजरांना. नोंद करून तुम्हाला तारखेची पोच मिळेल आणि 21 दिवसांत उत्तर. तक्रार केली म्हणून पाळी बदलणं, ओव्हरटाइम बंद करणं किंवा फेटलिंगला पाठवणं हा स्वतंत्र गुन्हा मानून कारवाई होईल. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे जाते. सदस्यांची नावं आणि नंबर कँटीनच्या दाराशेजारी आणि महिलांच्या चेंजिंग रूममध्ये लावले आहेत.